पास आला की बॉल पायावरनं उडतो, चूक पायात नसते

प्रश्न: सर, मी १७ वर्षांचा आहे, जुळे सोलापूरला राहतो, सेंटर मिडफिल्ड खेळतो. पास आला की बॉल पायाला लागून दोन-तीन हात लांब जातो आणि समोरचा घेऊन जातो. सगळे म्हणतात पाय ढिला सोड, बॉल लागला की पाय मागं घे. ते करतो तरी तसंच होतंय. रोज अर्धा तास भिंतीवर मारतो, तिथं बरोबर येतं, मॅचमध्ये येत नाही. काय चुकतंय?

उत्तर:

"बॉल लागला की पाय मागं घे" हे वाक्य आधी डोक्यातनं काढून टाक. मलाही पहिल्या कॅम्पात हेच शिकवलं होतं आणि पुढं कितीतरी वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो, आणि पोरं मनापासनं करायची तरी बॉल उडायचाच. मग एकदा मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तेव्हा कळलं की आपण पोरांना न जमणारी गोष्ट करायला सांगतोय. बॉल पायाला टेकलेला असतो तो वेळ सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. २४० फ्रेमचं स्लो मोशन लावलं तर पायाला टेकलेला बॉल फक्त दोन-तीन फ्रेम दिसतो. आणि माणसाला काही लागलंय हे कळून त्यावर हालचाल करायला त्याच्या पंधरा-वीसपट वेळ लागतो. म्हणजे बॉल लागला हे तुला कळेपर्यंत बॉल गेलेला असतो, आणि मग तू जो पाय मागं घेतोस तो रिकामाच मागं जातो. तुला वाटतं मी मागं घेतला, बघणाऱ्यालाही वाटतं घेतला, पण उशिरा.

उन्हाळ्यात टेम्पोतनं कलिंगडं उतरवतात ते बघितलंयस ना. वरचा फेकतो, खालचा झेलतो. खालच्याचे हात नीट बघ, तो हात पुढं करून वाट बघतो आणि कलिंगड हाताला लागायच्या आधीच त्याचे हात कलिंगडाबरोबर मागं जायला लागलेले असतात. कलिंगड हातात पडतं तेव्हा हात चालू असतात, थांबलेले नसतात. तसंच पायाचं. बॉल येतोय, पाय त्याला घ्यायला थोडा पुढं जातो, आणि बॉल एक-दीड फूट लांब असतानाच पाय उलटा फिरून मागं यायला लागतो. टक्कर होते ती मागं जाणाऱ्या पायावर.

आता पुढचा प्रश्न येतोच की किती जोरात मागं. पोरांना वाटतं बॉलच्याच स्पीडनं न्यायचा, तसं नाही. सोपा हिशोब करून दाखवतो. समज पास सेकंदाला ९ मीटरनं आला, म्हणजे बारा-तेरा मीटरवरनं मारलेला बरा कडक पास. पाय जागेवर गच्च ठेवलास आणि बॉल निम्म्या स्पीडनं उलटला असं धर, तर तो साडेचार मीटरच्या स्पीडनं पुढं सुटतो, हेच तुझं दोन-तीन हात. आता पाय सेकंदाला ३ मीटरनं मागं जात असेल तर बॉल पायावर ९ नं नाही, ६ नं आदळतो. निम्म्यानं उलटला तर ३ नं उलटणार, पण पाय स्वतःच ३ नं मागं जातोय, दोन्ही एकमेकात कटले आणि बॉल जागेवर मेला. म्हणजे बॉलच्या साधारण एक तृतीयांश स्पीड पुरला. पाय याच्यापेक्षा हळू गेला तर बॉल थोडा पुढं पडतो, जास्त जोरात गेला तर बॉल थांबत नाही, पायाच्या मागं मागं येत राहतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, खाली परत लागणार आहे. निम्मा हा आकडा मी हिशोबापुरता धरलाय, बॉल किती टणक, बूट कसला, घोटा किती कडक यावर तो कमीजास्त होतो, पण काय होतं ते असंच होतं.

आता तुझ्या बाबतीत खरी अडचण काय असणार ते सांगतो. पाय मागं न्यायचा तर मागं जागा लागते ना. निदान एक वीत तरी. मॅचमध्ये तू पास देणाऱ्याकडं तोंड करून, दोन्ही पाय समांतर, छाती सरळ समोर, असा उभा राहत असशील. अशा उभ्या माणसाच्या पायाला मागं जायला जागाच नसते, कारण पाय अंगाखालीच असतो, मागं नेला तर तोल जातो म्हणून शरीर तो नेऊच देत नाही. मग पाय खिळ्यासारखा उभा राहतो आणि बॉल त्याच्यावरनं उडतो. म्हणून मी म्हणतो की फर्स्ट टच बिघडतो तो बॉल यायच्या आधी, तू उभा कसा आहेस तिथं. पाय नंतरची गोष्ट.

एक केस सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. माझ्याकडं एक सोळा वर्षांचा पोरगा होता, डिफेन्सच्या समोर खेळणारा, तुझ्यासारखंच दुखणं. सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा उठल्यानंतरचे दिवस होते, सोलापुरातल्या होम मैदानावर पाळण्यांचे खड्डे बुजवलेले पण जमीन सगळी उंचसखल. आपल्या बाजूच्या सेंटर बॅकनं त्याला बारा मीटरवरनं पास द्यायचा, मागनं एक पोरगा प्रेस करायला येणार, असं लावलं आणि बाजूनं मोबाईल वीटेला टेकवून शूट केलं. पहिले दहा पास. त्यातले बहुतेक उडाले. मी म्हटलं काय होतंय, तर म्हणाला "सर, मागं घ्यायलोय की पाय." व्हिडिओ दाखवला. बॉल लागला त्या फ्रेमला पाय ठार स्थिर होता, पुढच्या बऱ्याच फ्रेमनंतर मागं हलायला लागला. त्याचं त्यालाच दिसलं, मला काही बोलायची गरजच पडली नाही. आणि दुसरं असं दिसलं की प्रत्येक पासला त्याचे दोन्ही बुटांचे टोक पास देणाऱ्याकडं होते, आणि टाचा जमिनीवर टेकलेल्या.

मग पायाला हातच लावला नाही, फक्त उभं राहायचं बदललं. त्याला म्हटलं, तुझा डावा खांदा पास देणाऱ्याकडं कर, उजवा खांदा समोरच्या गोलकडं. म्हणजे तोंड कुठं आलं, डाव्या टचलाइनकडं, आणि पाठ उजव्या टचलाइनकडं. आता मान थोडी डावीकडं केली की पास देणारा दिसतो, थोडी उजवीकडं केली की समोरचं अर्धं मैदान दिसतं. पास आला की तो डाव्या पायासमोरनं जाऊ द्यायचा, डाव्या पायानं अडवायचा नाही, हे सुरुवातीला फार जड जातं कारण जवळचा पाय आपोआप पुढं जातो. बॉल अंगासमोरनं पार होऊन उजव्या पायापर्यंत येऊ दे आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं घे. लांबचा पाय, मागचा पाय, काहीही म्हण.

आता बघ काय झालं. उजवा पाय मागं नेतोस म्हणजे कुठं नेतोस, समोरच्या गोलच्या दिशेनं. तिथं अंग नाही, मोकळी जागा आहे, पाय एक वीत काय दोन वीत जाऊ दे. आणि मघाचं वाक्य आठव, पाय जास्त जोरात मागं गेला तर बॉल पायाच्या मागं मागं येत राहतो. सरळ तोंड करून उभा असशील तर तो बॉल तुझ्याच पायात घुसतो आणि अडकतो. पण असा आडवा उभा असशील तर तोच बॉल तुझ्याबरोबर पुढं जातो, म्हणजे तू वळलास. एकच टच, जरा हळू नेला तर बॉल थांबला, जरा जोरात नेला तर बॉल घेऊन निघालास. तीच चूक इथं उपयोगाला येते. त्या पोराला हे कळलं त्या दिवशी तो अर्धा तास नुसता हेच करत बसला, कधी थांबव, कधी ने.

उभं राहण्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, टाचा. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी तू एक छोटी उडी घे, इंचभराची, आणि दोन्ही पायांच्या चवड्यावर ये, गुडघे थोडे मोडलेले. बॅडमिंटन खेळणारे सर्व्हिस घेताना करतात तशी. ती उडी कशासाठी, तर आपली मैदानं मुरमाची, बॉल शेवटच्या दोन मीटरमध्ये कुठंही टप्पा खातो. टाचा टेकलेल्या असतील तर तू तिथंच उभा राहून नुसता पाय लांब करतोस, आणि लांब केलेला पाय ताठ असतो. चवड्यावर असशील तर दोन छोटी पावलं टाकून अंग बॉलच्या लाइनमध्ये नेतोस आणि पाय मोकळा राहतो. बॉलकडं पाय न्यायचा नाही, अंग न्यायचं.

मागं बघायचं कधी, हे पण याच्यातच येतं. सगळे ओरडतात "मागं बघ मागं बघ", पण कधी ते कुणी सांगत नाही, मग पोरं बॉल पायाजवळ आल्यावर मान फिरवतात आणि बॉल निसटतो. बारा मीटरचा पास तुझ्यापर्यंत यायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. पहिली नजर पास निघायच्या आधी टाक, पास देणारा स्वतः बॉल कंट्रोल करत असतो, त्याची मान खाली असते, तेव्हा तो पास देऊच शकत नाही, तो वेळ तुझा. दुसरी पटकन नजर बॉल निघाल्या निघाल्या, वाटेतल्या पहिल्या अर्ध्यात. शेवटचा अर्धा सेकंद डोळे बॉलवर, काहीही झालं तरी. आडवा उभा असशील तर या दोन्ही नजरा फक्त मान फिरवून होतात, सरळ उभा असशील तर अख्खं अंग फिरवावं लागतं आणि तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून बघणंच राहून जातं.

मागं बघून काय ठरवायचं? माझ्या मते एकच, मागचा किती लांब आहे. तीन-चार मीटर लांब असेल तर वर सांगितलं तसं आडवा उभा राहून लांबच्या पायानं घे आणि वळ. पण तो पाठीला चिकटलेला असेल, हात मागं केला तर हाताला लागेल एवढा, तर वळायच्या नादाला लागू नकोस, कारण त्या अवस्थेत तू बॉल त्याच्याच पायात नेऊन देतोस. तिथंही आडवंच राहायचं पण कारण वेगळं, जवळचा खांदा आणि हाताचा कोपरापर्यंतचा भाग त्याच्या आणि बॉलच्या मधे ठेवायचा, गुडघे जास्त मोडायचे म्हणजे त्यानं रेटलं तरी हलत नाहीस, आणि बॉल त्याच्यापासनं लांबच्या पायानं घ्यायचा. इथं बॉल मारून टाकायचा, जागेवर, किंवा पायाच्या बाहेरच्या बाजूनं एक पाऊल त्याच्यापासनं दूर ढकलायचा आणि ज्यानं पास दिला त्यालाच परत द्यायचा. परत देण्यात काही कमीपणा नाही. मधलं अंतर असेल, म्हणजे दीड-दोन मीटर, तर नवीन पोरानं थांबवावं, वळू नये, असं माझं मत. वळण्याचं धाडस हळूहळू येतं.

आता पायाचं. "पाय ढिला सोड" हे अर्धं खरं आहे. ढिलं काय ठेवायचं ते नीट समजून घे. जमिनीवरनं येणाऱ्या पासला पायाची आतली बाजू वापरतोस, घोट्याच्या हाडाच्या पुढचा आणि अंगठ्याच्या सांध्याच्या मागचा तो सपाट भाग. तिथं घोटा पूर्ण ढिला सोडलास तर बॉल लागला की पंजा वळतो आणि बॉल तिरका सुटतो, दर वेळी वेगळीकडं. घोट्याचा आकार धरून ठेव, बोटं जरा वर, आणि ढिलं सोड ते गुडघा आणि खुबा. पाय खुब्यापासनं झोपाळ्यासारखा मागं जातो, पंजा मात्र हातोडीच्या डोक्यासारखा आपल्या जागेवर. मोठा बॉल म्हणजे पाच नंबर, त्याची जाडी २२ सेंटिमीटर, म्हणजे मध्य जमिनीपासनं ११ सेंटिमीटरवर. पंजा तेवढा वर उचललेला असला पाहिजे. पंजा जमिनीला घासत असेल तर बॉलच्या खालच्या अर्ध्याला लागतो आणि बॉल वर उडतो, गुडघ्यापर्यंत येतो. तुझा बॉल लांब जाताना उडून जातो का घसरत जातो ते बघ, उडून जात असेल तर पाय खाली आहे. आपल्या मैदानावर मी मध्यापेक्षा बोटभर वरच लावायला सांगतो, म्हणजे टप्पा खाल्लेला बॉल खाली दाबला जातो.

वरनं पडणाऱ्या बॉलला उलटं आहे. तिथं बुटाच्या लेसची बाजू वापरायची आणि तिथं घोटा खरंच सोडायचा. पाय गुडघ्याच्या उंचीपर्यंत वर न्यायचा, बोटं पुढं आणि किंचित वर, बॉलला वरच भेटायचं आणि बॉल लागायच्या आधीच पाय खाली यायला लागला पाहिजे, हिशोब तोच. पाय जमिनीजवळ ठेवून बॉलची वाट बघत बसलास तर खाली जायला जागा नाही, बॉल उसळणार. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये मार्सेलला नेदरलँड्स-अर्जेंटिना क्वार्टर फायनल झाली होती, शेवटच्या मिनिटाला नेदरलँड्सच्या बर्गकॅम्पनं गोल केला तो शोधून बघ. फ्रँक डी बोअरनं मागनं लांबलचक बॉल टाकला, बर्गकॅम्पनं उडी मारून उजवा पाय वर नेऊन हवेतच बॉल खाली आणला, दुसऱ्या टचला अर्जेंटिनाच्या अयालाला चकवून आत घेतला, तिसऱ्याला उजव्याच पायाच्या बाहेरच्या बाजूनं मारला. सगळे तिसरा टच बघतात. तू पहिला बघ, आणि तो पण बॉल लागायच्या आधीचा भाग बघ. तो पळतोय, बॉल खांद्यावरनं येतोय, आणि पाय वर जाऊन बॉलला हवेतच भेटतो, जमिनीजवळ थांबून वाट बघत नाही. आणि बॉल मेला तो अशा ठिकाणी मेला की दुसरा टच लगेच घेता आला.

छाती आणि मांडीचं थोडक्यात सांगतो कारण मिडफिल्डला तुला याची गरज कमी पडते. मांडीचा मधला मांसल भाग घे, गुडघ्याजवळ लागला की उडतो, आणि मांडी बॉल येईपर्यंत वर, लागताना खाली जाणारी. छातीला दोन प्रकार. बॉल पायाशी पाडायचा असेल तर बॉल यायच्या आधी छाती भरून घे आणि लागताना श्वास सोडत खांदे पुढं आणून छाती आत ओढ. बॉल जरा वर उडवून वेळ काढायचा असेल तर गुडघे मोडून मागं झुक आणि छातीची फळी कर. दोन्हीत हात अंगापासनं लांब, नाहीतर हँडबॉल. तळव्यानं बॉल दाबून थांबवणं फुटसालला चांगलं, पण आपल्या खडबडीत मैदानावर बॉल ऐनवेळी टप्पा खाऊन तळव्याखालनं निघून जातो, त्यामुळं तुझ्या पोझिशनला मी तरी सांगणार नाही.

एक तपासायची गोष्ट, बॉलची हवा. पंक्चरवाल्याकडं हवा भरली की तो सायकलच्या ट्यूबसारखा दगड करून देतो. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय एवढी मोठी मुभा आहे, पण मुरमावर प्रॅक्टिस करायची तर मी ९ च्या आसपास ठेवतो. आणि एप्रिल-मेमध्ये बॉल उन्हात ठेवू नकोस, तापून आणखी टणक होतो. दगडासारख्या बॉलवर शिकता येत नाही असं नाही, पण सुरुवातीला पाय मागं न्यायचा टायमिंग बसेपर्यंत उगाच त्रास कशाला.

आता तुझी भिंत. भिंतीवर बरोबर का येतं माहितीय का, कारण तिथं पास तूच देतोस. किती जोरात येणार, कुठं येणार, कधी येणार, सगळं तुला आधीच ठाऊक, मागं कुणी नाही, आणि तू भिंतीकडं तोंड करूनच उभा राहतोस. म्हणजे रोज अर्धा तास तू सरळ उभं राहायची सवय पक्की करतोयस. भिंत सोडू नकोस, उभं राहणं बदल. भिंतीपासनं सहा मीटरवर डावा खांदा भिंतीकडं करून उभा राहा. तुझ्या उजवीकडं, भिंतीपासनं लांबच्या बाजूला, दोन मीटरवर दोन चपला एक मीटर अंतरानं ठेव, हा तुझा दरवाजा. डाव्या पायानं भिंतीवर मार, बॉल परत आला की डाव्या पायासमोरनं जाऊ दे आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं एकाच टचमध्ये चपलांच्या मधनं ने. वीस वेळा. मग उजवा खांदा भिंतीकडं, चपला डावीकडं, डाव्या पायानं वीस वेळा. मग परत तेच पण आता चपलांपर्यंत जाऊ द्यायचा नाही, पायाशी मारून टाकायचा. दोन्हीमध्ये फरक फक्त पाय किती जोरात मागं गेला एवढाच आहे, हे तुझ्या अंगाला कळलं पाहिजे.

हे आठवडाभर जमलं की एक दोस्त घे. तो चपलांच्या जागी उभा राहणार, आणि तू भिंतीवर मारल्याबरोबर तो एकतर तुझ्या पाठीला चिकटणार नाहीतर तीन पावलं मागं जाणार, तोंडानं काही बोलणार नाही. बॉल भिंतीकडं जाताना तू मान वळवून बघायचं, येताना डोळे बॉलवर. चिकटला असेल तर मारून टाक आणि अंग मधे घाल, लांब असेल तर घेऊन वळ. त्यानं बोलून सांगितलं तर तुझं बघणं बंद होतं, म्हणून तोंड बंद ठेवायला सांग. नंतर भिंत काढून तिसरा माणूस घे पास द्यायला, आणि त्याला मुद्दाम वाकडेतिकडे पास द्यायला सांग, कधी कडक, कधी मरतुकडा. मरतुकड्या पासाला वाट बघत थांबायचं नाही हं, दोन पावलं पुढं येऊन घ्यायचा, नाहीतर मधनं कुणीतरी नेतो, आणि पुढं येताना शेवटच्या पावलाला परत आडवं व्हायचं.

आठवड्यातनं एकदा बाजूनं स्लो मोशन काढ आणि तीन ठिकाणी व्हिडिओ थांबव. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागला तेव्हा तुझ्या टाचा वर आहेत का. बॉल तुझ्यापासनं दीड फुटावर असताना पाय मागं यायला लागलाय का. आणि बॉल लागला त्या फ्रेमला पंजा बॉलच्या मध्यावर आहे का खाली. पहिल्या दोन-तीन आठवड्यात बॉल पायाच्या मागं जाऊन निसटायला लागेल, घाबरू नकोस, याचा अर्थ पाय आधी निघायला लागलाय पण गरजेपेक्षा जोरात, तो हळू करणं सोपं असतं. उडणं चालूच राहिलं तर मात्र पाय अजून उशिरा निघतोय किंवा तू अजून सरळ उभा आहेस, परत उभं राहण्यावर जा.

त्या पोराचं उजव्या पायाचं महिनाभरात सुधारलं, व्हिडिओत पाय वेळेवर निघताना दिसायला लागला. पण डावीकडं वळायचं म्हटलं की तो अजून आपोआप उजवा पाय आडवा घालतो, म्हणजे जवळच्या पायानं घेतो आणि तिथंच अडकतो. म्हणून आता त्याला पास देताना मी पास देणाऱ्याला सांगतो की मुद्दाम त्याच्या डाव्या, लांबच्या पायावर दे, उजव्यासमोरनं जाईल असा. तुझ्या दोस्तालाही हेच सांग, कारण पास जवळच्या पायावर आला तर लांबच्या पायानं घेणं कुणालाच जमत नाही, आणि मग दोष उगाच तुझ्या टचला येतो.